शुक्रवारचा बंद भाव, बुधवारचा मोह

२७ सप्टेंबर २०२४ रोजी निफ्टी २६,२७७ पर्यंत चढला आणि तिथून उतरायला लागला. तो सरळ रेषेत पडत गेला असता, तर फारसे लोक अडकले नसते. पण बाजार तसा पडत नाही. २१ नोव्हेंबरला त्याने २३,२६३ चा तळ केला आणि दोनच आठवड्यांत, ५ डिसेंबरला, तो २४,८५७ वर पोहोचला. जवळपास सोळाशे अंशांची उसळी! मग पुन्हा घसरण. २७ जानेवारीला तो २२,८०० च्या खाली होता, ५ फेब्रुवारीला पुन्हा २३,८०० वर, आणि ४ मार्चला २२,००० च्याही खाली.

या प्रत्येक उसळीत रोजचा चार्ट पाहणाऱ्याला सगळं छान दिसत होतं. ओळीने हिरव्या कँडल, भाव वीस दिवसांच्या सरासरीच्या वर, टीव्हीवर ‘बाजार सावरला’ अशा चर्चा. खरेदीची कारणं रोजच्या चार्टवर खरोखरच होती, ती कोणी कल्पनेने काढलेली नव्हती. तळाशी घेऊन लगेच विकणाऱ्या थोड्यांनी पैसेही केले. पण बहुतेक जण चार्टवर खात्री पटल्यावर शिरतात, आणि खात्री पटेपर्यंत उसळीचा बराचसा भाग होऊन गेलेला असतो.

त्याच काळात आठवड्याचा चार्ट उघडणाऱ्याला वेगळंच चित्र दिसत होतं. एक उच्चांक आधीच्या उच्चांकापेक्षा खाली, एक तळ आधीच्या तळापेक्षा खाली. दोन्ही चार्ट एकाच निफ्टीचे, दोन्ही खरे. त्यांतल्या कोणाचं कधी ऐकायचं याची एक जुनी पद्धत आहे: दिशा आठवड्याच्या चार्टवरून ठरवायची आणि खरेदीची वेळ रोजच्या चार्टवरून. स्विंग ट्रेडिंग करणाऱ्यांत, म्हणजे काही दिवस ते काही आठवडे शेअर ठेवून मधली चाल पकडणाऱ्यांत, ही पद्धत सर्वपरिचित आहे. सर्वपरिचित असूनही ती नीट वापरली जाताना क्वचितच दिसते.

हिचं मूळ चार्ल्स डाउ यांच्यापर्यंत जातं. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या या संस्थापकाने १९०० च्या आसपास लिहिलेल्या अग्रलेखांतून बाजाराच्या हालचालींचे तीन थर मांडले: वर्षभर किंवा त्याहून जास्त चालणारा मुख्य कल, काही आठवड्यांची उलटसुलट चाल आणि रोजची किरकोळ हालचाल. समुद्राची उपमा त्यांचीच. भरती चालू आहे की ओहोटी, हे एका लाटेवरून कळत नाही. वाळूत काठ्या रोवून पाणी कुठवर येतं याची नोंद ठेवावी लागते. पुढे एप्रिल १९८६ मध्ये अलेक्झांडर एल्डर यांनी अमेरिकेतल्या ‘फ्युचर्स’ मासिकात ‘ट्रिपल स्क्रीन’ नावाची पद्धत मांडली आणि डाउंच्या कल्पनेला रोजच्या कामात वापरता येईल असं रूप दिलं. एल्डर हे पेशाने मानसोपचारतज्ज्ञ. त्यांचा नियम साधा होता: आपण ज्या चार्टवर व्यवहार करतो त्याच्या साधारण पाचपट मोठ्या काळाचा चार्ट आधी पाहायचा. आठवड्यात कामकाजाचे दिवस पाचच, त्यामुळे रोजच्या चार्टवर व्यवहार करणाऱ्यासाठी मोठा चार्ट आपोआप आठवड्याचा होतो. पहिल्या चाळणीत आठवड्याचा कल, दुसऱ्यात रोजच्या चार्टवर त्या कलाच्या विरुद्ध आलेली तात्पुरती घसरण, तिसऱ्यात प्रत्यक्ष ऑर्डर कशी लावायची ते.

आता कल ठरवायचा कसा? इथे प्रत्येकाचं हत्यार वेगळं असतं. एल्डर यांनी एमएसीडी-हिस्टोग्राम नावाचं साधन वापरलं, कोणी सरासरी वापरतं, कोणी नुसता भाव पाहतं. मला भावाच्या रचनेवर सर्वांत जास्त भरवसा वाटतो, कारण तिच्यात सूत्राची मोडतोड करून हवं ते उत्तर काढायला वाव कमी राहतो. ज्या आठवड्याचा नीचांक आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन आठवड्यांच्या नीचांकांपेक्षा खाली, तो तळ. उच्चांकाचंही तसंच, त्याला शिखर म्हणू. शुक्रवारचा बंद भाव शेवटच्या तळाच्या खाली गेला की खरेदी बंद. तो शेवटच्या शिखराच्या वर गेला आणि वीस आठवड्यांच्या सरासरीच्याही वर असला, की खरेदीला परवानगी. परवानगी एकदा मिळाली की पुढचा एखादा तळ तुटेपर्यंत ती कायम. मधल्या आठवड्यांत काहीही झालं तरी उत्तर बदलत नाही.

निफ्टीला हा नियम लावून पाहू. सप्टेंबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात २४,७५३ वर एक तळ झाला होता. २५ ऑक्टोबरच्या शुक्रवारी निफ्टी २४,१८० वर बंद झाला. तळ तुटला, खरेदी बंद. पुढे डिसेंबरची उसळी आली, पण शेवटचं शिखर सप्टेंबरमधलं २६,२७७ चं होतं आणि निफ्टी त्याच्या जवळपासही गेला नाही. फेब्रुवारीची उसळी आली, तीही डिसेंबरच्या २४,८५७ च्या शिखरापासून हजार अंश खाली संपली. उत्तर नाहीच. मार्चमध्ये तिसरी आणि सर्वांत मोठी उसळी आली. ४ मार्चच्या तळापासून २५ मार्चपर्यंत निफ्टी एकोणीसशे अंश चढून २३,८६९ वर गेला, पण त्या आठवड्याच्या शेवटी बंद भाव २३,५१९ आला. आधीचं शिखर २३,८०७ चं. तरीही नाही. आणि मग अमेरिकेच्या आयातशुल्काच्या घोषणेनंतर ७ एप्रिलला निफ्टी २१,७४३ पर्यंत कोसळला.

तिथून तो वेगाने फिरला. १७ एप्रिलला, शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी असल्यामुळे गुरुवारीच, आठवडा २३,८५१ वर बंद झाला. मार्चचं शिखर २३,८६९. अठरा अंश कमी! नियम पाळणारा माणूस तो शनिवार-रविवार हात बांधून बसला. २५ एप्रिलला आठवडा २४,०३९ वर बंद झाला आणि परवानगी मिळाली.

सहा महिने परवानगी नव्हती. हे आकडे मी मुद्दाम पूर्ण दिले, कारण त्यांत या पद्धतीचं बळही दिसतं आणि किंमतही. ज्याने २५ ऑक्टोबरला २४,१८० वर आपली जुनी गुंतवणूक विकली आणि २५ एप्रिलला २४,०३९ वर परत घेतली, त्याच्या हाती काही लागलं नाही. फरक एक टक्काही नाही आणि तो खर्चात व करात गेला. म्हणजे ही चाळणी दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराने आत-बाहेर करण्यासाठी नाही. तिचं काम एवढंच की रोजच्या चार्टवर नवी खरेदी करू पाहणाऱ्याला विशिष्ट काळात थांबवणं. डिसेंबर आणि फेब्रुवारीच्या उसळीत उशिरा शिरून स्टॉप-लॉस खाण्यापासून तिने वाचवलं. मार्चच्या उसळीतला नफाही तिने हातचा घालवला, आणि ७ एप्रिलच्या तळापासून परवानगी मिळेपर्यंत निफ्टी दहा टक्के वर गेलेला होता. ती नेहमीच उशिरा बोलते. हा तिच्यातला दुरुस्त करण्यासारखा दोष नाही. लवकर बोलणारी चाळणी हवी असेल तर कमी आठवड्यांची सरासरी घ्यावी लागेल, आणि मग तीही डिसेंबरच्या उसळीला फसेल.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. रोख बाजारात शेअर आधी विकून नंतर घ्यायचा, म्हणजे शॉर्ट करायचा, तर ते त्याच दिवशी मिटवावं लागतं. काही दिवस टिकणारं शॉर्ट करायचं तर फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये जावं लागतं आणि तिथली जोखीम वेगळीच. त्यामुळे सामान्य माणसासाठी आठवड्याचा कल खाली आहे याचा अर्थ ‘विका’ असा होत नाही, ‘थांबा’ असा होतो.

आता वेळेकडे. परवानगी आहे, मग खरेदी कधी? इथे पद्धत सगळ्यांत जास्त उलटी वाटते. आठवड्याचा कल वर असताना रोजचा चार्ट खाली येण्याची वाट पाहायची. वरच्या कलातली ही छोटी घसरण, बाजारातले लोक तिला पुलबॅक म्हणतात, संपताना घ्यायचं. संपली आहे हे ओळखायला एल्डर यांनी सुचवलेली युक्ती फार सुंदर आहे आणि तिला कुठल्याही निर्देशकाची गरज नाही. कालच्या उच्चांकाच्या थोडं वर खरेदीची ऑर्डर लावायची. भाव तिथे पोहोचलाच नाही, तर संध्याकाळी ती रद्द करून आजच्या उच्चांकाच्या वर, म्हणजे आणखी खाली, नवी लावायची. भाव घसरत जातो तशी ऑर्डर त्याच्या मागोमाग खाली उतरते. ज्या दिवशी भाव वळून आदल्या दिवसाच्या उच्चांकाच्या वर जातो, त्या दिवशी खरेदी होते. वळलाच नाही, तर खरेदीच होत नाही.

आकड्यांत पाहू. एक काल्पनिक शेअर धरा. शुक्रवारी तो ५०२ रुपयांवर बंद झाला. वीस आठवड्यांची सरासरी ४५५ आणि चढती, आठवड्याच्या चार्टवरचा शेवटचा तळ ४३२. परवानगी आहे. सोमवारी उच्चांक ५०३, नीचांक ४९१. मंगळवारसाठी ऑर्डर ५०३.५० वर. मंगळवारी उच्चांक ४९५, नीचांक ४८०. ऑर्डर लागली नाही. बुधवारसाठी ती ४९५.५० वर आणली. बुधवारी उच्चांक ४८६, नीचांक ४६९. गुरुवारसाठी ४८६.५०. गुरुवारी उच्चांक ४८४, नीचांक ४६६, बंद ४७९. शुक्रवारसाठी ४८४.५०. शुक्रवारी भाव ४८१ ला उघडतो, अकराच्या सुमारास ४८४.५० ला पोहोचतो, खरेदी होते. स्टॉप-लॉस घसरणीच्या तळाखाली, ४६५ वर.

किती शेअर घ्यायचे हे याच दोन आकड्यांतून निघतं. भांडवल तीन लाख असेल आणि एका व्यवहारात एक टक्क्याहून जास्त, म्हणजे ३,००० रुपयांहून जास्त, गमवायचे नाहीत असं ठरवलं असेल, तर प्रत्येक शेअरमागे जोखीम १९.५० रुपये. तीन हजार भागिले साडेएकोणीस, म्हणजे १५३ शेअर. गुंतलेली रक्कम सुमारे ७४,००० रुपये.

बुधवारी काय झालं ते पाहण्यासारखं आहे. त्या दिवशी भाव ४६९ पर्यंत गेला, शुक्रवारच्या ५०२ पासून तेहतीस रुपये खाली. ‘चांगला शेअर स्वस्तात मिळतोय’ असं वाटण्याचा हाच दिवस. कल वर आहे, मग आत्ताच का नाही? कारण बुधवारी घसरण थांबली आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. गुरुवारी ती ४६६ पर्यंत गेली, ४४० पर्यंतही जाऊ शकली असती. आठवड्याचा चार्ट ‘घेऊ शकता’ असं सांगतो, ‘आज घ्या’ असं कधीच सांगत नाही. ते काम रोजच्या चार्टचं आणि त्याने ते शुक्रवारी केलं.

ऑर्डरच्या यंत्रणेतही एक खाच आहे. शेअर बाजारातली ट्रिगर प्राइस असलेली साधी ऑर्डर त्या दिवसापुरतीच जिवंत असते, म्हणून ती रोज नव्याने लावावी लागते. बरेच ब्रोकर जीटीटी नावाची सोय देतात, त्यात ऑर्डर बरेच दिवस पडून राहते. पण इथे उलट तोटा होतो: ती रोज खाली आणायची विसरून जाते आणि जुन्या भावालाच लागते. दुसरी खाच म्हणजे भावाने मारलेली उडी. ९ मे २०२५ च्या शुक्रवारी भारत-पाकिस्तान संघर्षाच्या सावटाखाली निफ्टी २४,००८ वर बंद झाला. शनिवारी शस्त्रसंधी झाली आणि सोमवारी, १२ मे रोजी, तो २४,४२० च्या आसपास उघडून २४,९२४ वर बंद झाला. आठवड्याचा कल वर असताना रोजची घसरण संपण्याचं हे पुस्तकात छापावं असं उदाहरण, पण आदल्या उच्चांकाच्या थोडं वर ऑर्डर लावणाऱ्याला तो भाव मिळालाच नाही. आपल्या शेअरचं असं झालं आणि तो शुक्रवारी थेट ४९२ ला उघडला, तर तेच १५३ शेअर घेताना जोखीम प्रत्येकी २७ रुपये होते, एकूण चार हजारांच्या वर. म्हणून ट्रिगर ४८४.५० आणि लिमिट समजा ४८७ असं दोन्ही द्यावं. उडी त्यापलीकडे गेली, तर तो व्यवहार सोडून द्यावा. खालच्या बाजूची उडी मात्र स्टॉप-लॉसलाही अडवता येत नाही, आणि एक टक्का म्हणजे कधीकधी दोन टक्के होणार हे धरूनच चालावं.

आता ज्या चुकीमुळे ही पद्धत सर्वांत जास्त बिघडते तिच्याकडे येतो. आठवड्याची कँडल शुक्रवारी साडेतीन वाजता पूर्ण होते. सोमवार ते गुरुवार चार्टवर जी शेवटची कँडल दिसते ती अर्धवट असते: सोमवारचा उघडा भाव आणि या क्षणाचा भाव. बुधवारी दुपारी भाव शिखराच्या वर असेल तर चार्ट ‘आठवड्याचा कल वर’ दाखवतो, शुक्रवारी भाव खाली येतो आणि ते चिन्ह पुसलं जातं. मागे वळून पाहिलं तर ते कधी होतं याचा मागमूसही राहत नाही. खरेदी मात्र डीमॅट खात्यात असते. म्हणून आठवड्याच्या चार्टचं उत्तर शनिवारी लिहून ठेवावं आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत तो चार्ट उघडूच नये. हे पाळायला कठीण जातं, कारण मोबाइलवर बोट फिरवलं की चार्ट समोर. पण पद्धतीचा सारा जीव यातच आहे.

संगणकावर जुन्या भावांवर पद्धत तपासून पाहणारे हीच चूक दुसऱ्या वाटेने करतात. प्रोग्राम बुधवारच्या खरेदीसाठी त्या आठवड्याची कँडल मागवतो, आणि जुन्या नोंदींत ती पूर्ण झालेली असते, म्हणजे तिच्यात शुक्रवारचा बंद भाव असतो. बुधवारच्या निर्णयात शुक्रवारची माहिती शिरते. निकाल डोळे दिपवणारे येतात. ओळखायची खूण सोपी आहे: प्रत्येक दिवसासाठी आधीच्या पूर्ण झालेल्या आठवड्याचीच कँडल वापरून तपासणी पुन्हा करावी. नफा थोडा कमी झाला तर पद्धत खरी, नफा वितळून गेला तर तो भविष्याच्या माहितीतून आलेला होता. कोणी या पद्धतीचे चमकदार निकाल दाखवून वर्ग भरवत असेल, तर आधी हा एक प्रश्न विचारावा.

दुसरा बिघाड शांतपणे होतो. वर आलेलं उदाहरण पुन्हा पाहा. शेअर सोमवारी साधारण ५०० ला उघडला आणि शुक्रवारी समजा ४८५ ला बंद झाला. आठवड्याची कँडल लाल! रोजच्या चार्टवर तीन-चार दिवसांची घसरण आली की आठवड्याच्या चार्टवर ती लाल कँडल म्हणून उमटणारच. मग ज्यांनी ‘आठवड्याची शेवटची कँडल हिरवी हवी’ असा नियम केलेला असतो, त्यांच्या चाळणीतून नेमके हवे ते प्रसंग गळून पडतात आणि शेअर जोरात वर धावत असतानाचे, महागातले प्रसंग उरतात. फार चपळ निर्देशकांचंही तसंच होतं. आठवड्याची चाळणी इतकी सैल हवी की एका घसरणीने तिचं उत्तर बदलू नये, आणि इतकी घट्ट हवी की खरा तळ तुटला तर बदलावं. ४३२ चा तळ शाबूत आहे, भाव सरासरीच्या बराच वर आहे. लाल कँडलने काही बिघडत नाही.

‘दोन चार्टनी एकच सांगितलं म्हणजे दोन पुरावे मिळाले’ असं जे म्हटलं जातं, ते मला दिशाभूल करणारं वाटतं. आठवड्याचा चार्ट कुठल्या वेगळ्या माहितीतून तयार होत नाही. तेच रोजचे भाव, पाच-पाचच्या गठ्ठ्यात. वीस आठवड्यांची सरासरी आणि शंभर दिवसांची सरासरी एकाच चार्टवर काढून पाहा, दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसतात. म्हणजे हा दुसरा साक्षीदार नव्हे, तोच साक्षीदार जास्त जुन्या गोष्टींसह बोलतोय. मग लोक त्यावर महिन्याचा, तासाचा, पंधरा मिनिटांचाही चार्ट चढवतात आणि सगळे हिरवे होण्याची वाट पाहतात. सगळे एकदम हिरवे कधी होतात? भाव बराच धावून झाल्यावर. शिवाय पाच चार्ट असले की त्यांतला एक तरी आपल्या मनासारखं बोलतोच, आणि माणूस त्याचंच ऐकतो. दोन पुरेत. एक नकार देण्यासाठी, एक वेळ सांगण्यासाठी.

हाच ‘मनासारखं बोलणारा चार्ट’ खरेदीनंतर सर्वांत महाग पडतो. शेअर ४८४.५० ला घेतला, १५३ नग, स्टॉप-लॉस ४६५. पुढच्या मंगळवारी भाव ४६६ वर येतो. आता डोळे आठवड्याच्या चार्टकडे वळतात. ‘तिथे तर अजून तेजीच आहे, शेवटचा तळ ४३२, स्टॉप-लॉस ४३० ला नेऊ.’ वाक्य चार्टच्या दृष्टीने खरं आहे. पण ४३० पर्यंतची जोखीम शेअरमागे ५४.५० रुपये, १५३ शेअरवर ८,३०० च्या पुढे. तीन हजार गमवायची तयारी होती, आता त्याच्या पावणेतीन पट. ज्याला स्टॉप-लॉस ४३० वर ठेवायचा आहे त्याने तो खरेदीच्या आधी ठेवावा आणि तीन हजार भागिले साडेचोपन्न, म्हणजे ५५ शेअरच घ्यावेत. त्यात काहीच गैर नाही, तो जास्त काळाचा, कमी नगांचा वेगळा व्यवहार आहे. गैर आहे ते १५३ शेअर घेऊन ५५ शेअरचा स्टॉप-लॉस लावणं.

उलट बाजूनेही प्रश्न येतो. शेअर हातात आहे, ४८४.५० चा ५२० झाला आहे, आणि दरम्यान निफ्टीचा आठवड्याचा तळ तुटला. विकायचं का? शेअरचा स्वतःचा तळ शाबूत असेल तर माझ्या मते लगेच विकण्याचं कारण नाही. परवानगीचा नियम नव्या खरेदीसाठी होता. हातातल्या शेअरला त्याचा स्टॉप-लॉस आहे, तो रोजच्या चार्टवर नव्या तळाखाली वर सरकवत न्यावा. पुढची घसरण ५०३ ला थांबून भाव वळला, तर स्टॉप-लॉस ५०२ वर. तिथे विक्री झाली तर शेअरमागे साडेसतरा रुपये, १५३ शेअरवर सुमारे २,७०० नफा. त्यातून खरेदी आणि विक्री दोन्हीवर प्रत्येकी ०.१ टक्के एसटीटी, ब्रोकरचा खर्च आणि वर्षाच्या आत विकल्यामुळे २० टक्के अल्पकालीन भांडवली नफा कर. हाती उरतात दोन हजारांच्या आसपास. नव्या खरेदीसाठी मात्र पुन्हा निफ्टीच्या आठवड्याच्या चार्टवर शिखर ओलांडलं जाईपर्यंत थांबायचं, आणि ते शुक्रवारच्या बंद भावाने.